एका रात्रीत बदललेल्या स्ट्राइक

माझ्याकडे बरीच वर्षे सांभाळलेले काही शेअर आहेत आणि त्यांच्यावर मी महिन्याला कॉल विकतो. कॉल हा एक ऑप्शन: ठरलेल्या तारखेला स्ट्राइकने, म्हणजे आधी ठरलेल्या भावाने, शेअर घेण्याचा हक्क. तो विकून मिळणारे पैसे म्हणजे प्रीमियम. शेअर घरात, वर प्रीमियमची थोडी मिळकत. या कव्हर्ड कॉलच्या पद्धतीत रोज बघण्यासारखं फार काही नसतं. पण कंपनीने शेअरचे तुकडे केले, मोठा लाभांश दिला किंवा ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, की तुम्ही ज्या करारावर सही केली तो करारच बदलतो, आणि तुम्हाला कोणी विचारत नाही. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत हे तिन्ही प्रकार माझ्या खात्यावरून गेले.

नियमाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. लाभ धरून व्यवहार होणारा जो शेवटचा दिवस, त्या दिवशी बाजार बंद होताना तुमच्या पोझिशनची, म्हणजे घेतलेल्या किंवा विकलेल्या करारांची, जी किंमत होती, तीच दुसऱ्या दिवशी सकाळी शक्यतो राहिली पाहिजे. त्यासाठी सगळ्या सौद्यांचा हिशोब मिटवणारं क्लिअरिंग कॉर्पोरेशन रात्रीत तीन गोष्टींना हात लावू शकतं: स्ट्राइक, लॉटमधली, म्हणजे एका करारातल्या शेअरची, संख्या आणि तुमची पोझिशन. माझा मेहुणा एका ब्रोकरकडे रिस्क विभागात बसतो. त्याचं म्हणणं, ‘दाजी, तो “शक्यतो” शब्द नीट वाचा. सगळी गंमत त्यातच आहे.’

स्प्लिटमध्ये गंमत सगळ्यात कमी. टाटा स्टीलने १० रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे १ रुपयाचे दहा शेअर केले, एक्स-डेट, म्हणजे तो लाभ वगळून व्यवहार होण्याचा पहिला दिवस, होती २८ जुलै २०२२. लॉट ४२५ चा होता, तो ४,२५० झाला. ऑगस्टचा १,००० चा कॉल मी ३० रुपयांनी विकलेला होता. सकाळी तो १०० चा कॉल झाला आणि माझा विक्रीभाव ३ रुपये. स्ट्राइक आणि लॉटचा गुणाकार आधीही ४,२५,००० होता, नंतरही तेवढाच. प्रीमियम आधीही १२,७५०, नंतरही १२,७५०. एकास एक बोनसलाही हेच गणित, फक्त भागाकार दोनने. दोन शेअरमागे एक असा बोनस असेल तर भागाकार दीडने, आणि मग १,०१० ची स्ट्राइक ६७३.३३ येते. ती जवळच्या पाच पैशांना नेऊन ६७३.३५ करतात. ‘शक्यतो’ची सुरुवात इथे होते, पण इथे ती दोन पैशांची आहे.

टाटा स्टीलच्या वेळी मला जाणवलेल्या दोन गोष्टी मात्र त्या गुणाकारात दिसत नाहीत. पहिली म्हणजे टिक. ऑप्शनचा भाव पाच-पाच पैशांनी हलतो. आधी एक टिक म्हणजे ४२५ शेअरवर सव्वाएकवीस रुपये. आता तीच टिक ४,२५० शेअरवर २१२ रुपये ५० पैसे. तीन रुपयांच्या ऑप्शनमध्ये खरेदी आणि विक्रीच्या भावात एका टिकेचा फरक असला, तरी तो आधीच्या दहापट बोचतो. दुसरी गोष्ट, करार रात्रीत बदलतो पण शेअर रात्रीत येत नाहीत. डिमॅट खात्यात जुने शेअर जाऊन नवे यायला थोडे दिवस लागतात. तोवर पोर्टफोलिओच्या पडद्यावर टाटा स्टील नव्वद टक्के पडलेला दिसतो आणि शेजारी ४,२५० चा विकलेला कॉल उघडावाघडा उभा दिसतो. त्या दिवसांत शेअर विकून कॉल परत घ्यायचा, म्हणजे दोन्ही बाजू एकदम मोकळ्या करायच्या, असं ठरवलं तर एक पाय जमिनीवर आणि एक हवेत. मी काही केलं नाही, शेअर येईपर्यंत थांबलो. एक्स-डेटच्या आसपास ज्यांना बाहेर पडायचं असतं, त्यांनी आधीच पडलेलं बरं.

लाभांशाची गोष्ट मात्र अधिक सावकाश सांगावी लागेल, कारण तिथे नियम एका रेषेवर उभा आहे.

प्रत्येक लाभांशाला स्ट्राइक बदलत नाही. लाभांश शेअरच्या बाजारभावाच्या ठरावीक टक्क्यांच्या आत असेल तर तो साधा, आणि त्या टक्क्यांवर किंवा वर असेल तर असाधारण. कंपनी त्याला ‘विशेष’ म्हणते की ‘अंतरिम’, याला काही अर्थ नाही. टक्का तेवढा पाहायचा. ही रेषा पूर्वी १० टक्क्यांवर होती, मग ५ वर आली आणि २०२२ मध्ये २ वर. बाजारभाव म्हणजे कोणता, तर लाभांश जाहीर होण्याच्या आदल्या दिवसाचा बंद भाव. घोषणा बाजार बंद झाल्यावर झाली, तर त्याच दिवसाचा. एक्स-डेटच्या आदल्या दिवसाचा भाव नव्हे. मधल्या आठवड्यात शेअर कितीही वर-खाली गेला तरी रेषेच्या कोणत्या बाजूला तुम्ही आहात, हे घोषणेच्या दिवशीच ठरलेलं असतं.

वेदांताने २८ एप्रिल २०२२ ला शेअरमागे ३१.५० रुपयांचा अंतरिम लाभांश जाहीर केला. शेअर तेव्हा चारशेच्या घरात. रेषा तेव्हा ५ टक्क्यांची, म्हणजे साधारण २० रुपयांची. ३१.५० तिच्या बऱ्याच वर. मी मे महिन्याचा ४४० चा कॉल विकलेला होता. खात्यात त्याचं नाव असं होतं:

```
VEDL22MAY440CE
```

एक्स-डेटच्या सकाळी ते असं झालं:

```
VEDL22MAY408.5CE
```

लॉट तोच, विक्रीभाव तोच. फक्त स्ट्राइकमधून पूर्ण ३१.५० गेले. याचं कारण सोपं आहे. आदल्या दिवशी शेअर ४१० ला बंद झाला असं धरा. स्ट्राइक त्यापासून ३० रुपये दूर. सकाळी लाभांशाएवढा भाव उतरून ३७८.५० झाला, तर ४०८.५० ची स्ट्राइक अजूनही ३० रुपयेच दूर. स्ट्राइक ४४० वरच ठेवली असती तर कॉल घेणाऱ्याचा रस्ता एका रात्रीत साडेएकसष्ट रुपयांचा झाला असता, त्याने काहीच चुकीचं केलेलं नसताना. पुट, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क, विकणाऱ्याची गत त्याहून वाईट. शेअर पडला तो धंदा बिघडला म्हणून नव्हे, पैसे भागधारकांकडे गेले म्हणून. तरी भरपाई मात्र त्याने द्यायची.

आपल्याकडे हे जास्तच गरजेचं आहे, कारण २०११ पासून आपले शेअर-ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, म्हणजे एक्सपायरीलाच, कराराच्या शेवटच्या दिवशीच, वापरता येतात. अमेरिकेत कॉल घेणारा लाभांशाच्या आदल्या दिवशी कॉल वापरून शेअर पदरात पाडू शकतो आणि लाभांश घेऊ शकतो. आपल्याकडे ती वाट बंद.

त्या सकाळी ब्रोकरच्या ॲपवर मी लावून ठेवलेली परतखरेदीची सशर्त ऑर्डर गायब होती. ती ज्या नावावर होती ते ४४० चं नावच आता अस्तित्वात नव्हतं. किमतीचा अलर्ट मात्र तसाच शाबूत, ४४० ची वाट बघत बसलेला. हे दोन्ही हाताने नव्याने लावावे लागले. मेहुण्याने फोनवर सांगितलं की अशा सकाळी त्यांच्याकडे निम्मे फोन ‘माझी पोझिशन कुठे गेली?’ याच प्रश्नाचे असतात. पोझिशन शोधायची तर जुन्या स्ट्राइकमधून लाभांश वजा करून शोधावी, किंवा क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या परिपत्रकासोबत जुन्या-नव्या स्ट्राइकची यादी येते, ती उघडावी.

आता ‘शक्यतो’कडे परत. माझ्याकडे शेअर होते आणि त्यावर कॉल विकलेला. शेअरवर ३१.५० रुपये लाभांश आला, आणि कॉलची स्ट्राइक ३१.५० नी खाली गेली. समजा शेअर एक्सपायरीला स्ट्राइकच्या वर गेला असता. पूर्वी मी ४४० ला शेअर दिले असते, आता ४०८.५० ला द्यायचे आणि ३१.५० लाभांश खिशात. बेरीज ४४०. क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या वहीत दोन्ही सारखे. प्राप्तिकराच्या वहीत नाहीत. लाभांश माझ्या उत्पन्नात मिळवला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला ३१.५० मधले, उपकर सोडूनही, २२ रुपये ५ पैसे उरतात. तीच रक्कम विक्रीच्या किमतीत मिळाली असती तर भांडवली नफा झाली असती आणि तेव्हाच्या दरांनी कर अर्धा किंवा त्याहून कमी पडला असता. म्हणजे कॉल घेणाऱ्याला पूर्ण ३१.५० ची भरपाई, आणि ती भरपाई देणाऱ्या माझ्याकडे करानंतरचे २२. त्या महिन्यात शेअर वर गेलाच नाही आणि कॉल शून्यावर संपला, म्हणून हा फरक माझ्यासाठी कागदावरच राहिला. पण तेव्हापासून मोठ्या लाभांशाची सवय असलेल्या शेअरवर कॉल विकताना मी हा फरक प्रीमियममधून निघतो का, ते आधी बघतो.

वेदांताने त्या आर्थिक वर्षात पाच अंतरिम लाभांश दिले, सगळे मिळून शेअरमागे १०१.५० रुपये. नियम शिकायला याहून चांगली कंपनी मिळाली नसती. जानेवारी २०२३ मधला लाभांश १२.५० चा होता आणि शेअर तीनशेच्या थोडा वर, म्हणजे चार टक्क्यांच्या जवळपास. जुन्या ५ टक्क्यांच्या रेषेने हा साधा लाभांश ठरला असता आणि स्ट्राइक जागच्या हलल्या नसत्या. नव्या २ टक्क्यांच्या रेषेने त्या हलल्या.

रेषा खाली आली तरी ती रेषाच आहे, उतार नाही. हा भाग मला सगळ्यात खटकतो. ५०० रुपयांचा शेअर घ्या. त्याची रेषा १० रुपये. कंपनीने ९.५० दिले तर स्ट्राइकमधून शून्य वजा होतं. १० दिले तर पूर्ण १० वजा होतात, वरचे पन्नास पैसे नव्हेत. संचालक मंडळाच्या बैठकीत पन्नास पैसे इकडे-तिकडे झाले की कॉल विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हिशोबात साडेनऊ-दहा रुपयांची उलथापालथ होते. नियमित लाभांश असेल तर त्याचा अंदाज ऑप्शनच्या भावात आधीच मुरलेला असतो, कॉल थोडा स्वस्त आणि पुट थोडा महाग. त्रास होतो तो अनपेक्षित आणि रेषेच्या जरा आत असलेल्या लाभांशाचा. तिथे कॉल घेणारा मुकाट्याने मार खातो आणि त्याला कोणतंही परिपत्रक येत नाही. लाभांशाच्या हंगामात बैठकीच्या तारखा बघायच्या त्या यासाठी. तारीख कळली की आदल्या दिवसाच्या बंद भावाचे दोन टक्के काढून ठेवायचे. घोषणा आली की आकडा कोणत्या बाजूला पडला ते लगेच कळतं.

विलीनीकरणात मात्र स्ट्राइक बदलतच नाही. करारच संपतो.

एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेचं विलीनीकरण ४ एप्रिल २०२२ ला जाहीर झालं आणि १ जुलै २०२३ ला अमलात आलं. एचडीएफसीच्या २५ शेअरना बँकेचे ४२ शेअर, रेकॉर्ड डेट १३ जुलै. माझ्याकडे एचडीएफसीचे ३०० शेअर होते, म्हणजे बरोबर एक लॉट. जूनच्या मध्यावर मी त्यावर जुलैचा २,८०० चा कॉल विकला. एक्सपायरी होती गुरुवार, २७ जुलै. २७ जूनला बातमी आली की १ जुलैला विलीनीकरण होणार आणि १३ जुलैपासून एचडीएफसीचा शेअर बाजारात नसणार. नियम असा की जी कंपनी संपते तिचे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे सगळे करार शेवटच्या दिवशी, त्या दिवसाच्या बंद भावाने, सक्तीने निकाली काढायचे. म्हणजे २७ जुलैचा माझा करार १२ जुलैला मरणार. ज्याने सप्टेंबरचा कॉल घेतला होता त्याचा करार अडीच महिने आधी.

ऑप्शन घेणारा मुळात वेळ विकत घेतो. स्प्लिटमध्ये आणि लाभांशात ती वेळ जपली जाते. इथे ती कापली जाते आणि तिची भरपाई कोणी देत नाही. बातमी आल्याबरोबर लांबच्या महिन्यांच्या ऑप्शनमधली ही वेळेची किंमत सुकायला लागते, कारण ऑगस्ट आणि सप्टेंबर ही नावं उरली तरी तारीख सगळ्यांची एकच. विकणाऱ्याच्या बाजूला मी होतो, म्हणून तक्रार करायला मला जागा नाही. जुलैच्या पहिल्या दिवसांत शेअर २,८०० च्या वर गेला होता आणि माझा कॉल पैशात आला होता. १२ तारखेला तो त्याखाली बंद झाला आणि कॉल शून्यावर संपला. बँकेचे तिमाही निकाल आले १७ जुलैला. ज्याने माझा कॉल घेतला होता, त्याने २७ जुलैपर्यंतचा प्रीमियम दिला तेव्हा हे निकालही त्यात धरले असणार. त्याला ते बघायलाच मिळाले नाहीत.

मी मेहुण्याला विचारलं, शेअरचं रूपांतर होतं तर कराराचंही का नाही करत? ४२ भागिले २५ म्हणजे १.६८. स्ट्राइकला १.६८ ने भागा, लॉटला गुणा, झालं. तो म्हणाला, ‘करून बघा.’ ३०० गुणिले १.६८ म्हणजे ५०४ शेअर. २,८०० भागिले १.६८ म्हणजे १,६६६.६५ च्या आसपासची स्ट्राइक. आणि बँकेचा स्वतःचा लॉट तेव्हा ५५० चा, स्ट्राइक दहा-दहा रुपयांच्या. म्हणजे बँकेच्या ऑप्शनच्या यादीशेजारी ५०४ शेअरच्या लॉटची आणि विचित्र स्ट्राइकची दुसरी यादी मांडावी लागली असती, आणि तिच्यात नवीन कोणी आलं नसतं. अमेरिकेत तेच करतात. तिथला करार शेअरच्या अदलाबदलीनंतर जिवंत राहतो, शंभर जुन्या शेअरऐवजी जितके नवे शेअर होतात तितके देणं त्याच्यावर चढतं. विलीनीकरण रोखीत असेल तर रोखच चढते: मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ९५ डॉलरने घेतली, तेव्हा प्रत्येक कराराखाली ९,५०० डॉलर उरले आणि हलायला शेअरच उरला नाही. न्यू जर्सीतला माझा भाचा सांगतो की शेअरच्या अदलाबदलीतून बदललेल्या अशा करारांत खरेदी-विक्रीच्या भावात इतकं अंतर पडतं की बाहेर पडणं हीच मोठी किंमत होते. आपल्याकडे वेळ कापतात, तिथे गिऱ्हाईक आटतं. मला आपली पद्धत घेणाऱ्यावर जास्त कठोर वाटते, पण निदान तारीख तरी स्वच्छ असते.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: एचडीएफसी बँकेच्या आधीपासूनच्या करारांना या सगळ्यात कोणी हात लावला नाही. गिळणाऱ्या कंपनीच्या ऑप्शनमध्ये काहीच बदलत नाही, नव्या शेअरमुळे तिची भागसंख्या कितीही वाढो. बदल फक्त गिळल्या जाणाऱ्या कंपनीच्या बाजूला.

डीमर्जरलाही मरणाचाच नियम. पुढच्याच आठवड्यात रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तेव्हा रिलायन्सचे चालू करार १९ जुलैला संपवले आणि २० तारखेला सकाळच्या खास सत्रात भाव ठरल्यावर नवे करार सुरू केले. तिथे कंपनी मरत नव्हती, तरीही. कारण वेगळ्या होणाऱ्या तुकड्याची किंमत आदल्या रात्री कोणालाच ठाऊक नसते, मग स्ट्राइकमधून वजा काय करणार? सकाळी ती शेअरमागे २६१.८५ रुपये निघाली.

काही दिवसांनी माझ्या डिमॅटमध्ये एचडीएफसी बँकेचे ५०४ शेअर आले. लॉट ५५० चा. त्यावर कॉल विकला तर ४६ शेअर कमी, आणि एक्सपायरीला कॉल पैशात गेला तर ५५० शेअर द्यावेच लागतात. कमी पडलेले लिलावात जातात आणि लिलावाचा भाव आपल्या हातात नसतो. ४६ शेअर घ्यायचे, की ५०४ तसेच ठेवून कॉलचा नाद सोडायचा, एवढाच प्रश्न होता. मी ४६ घेतले आणि ऑगस्टचा कॉल विकला.